प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचा व्हॅक्यूम पंप: काही महिने वापरल्यावर

शिश्नावर नळी बसवून आतली हवा ओढणारा आणि त्यात रक्त भरून ताठरता आणणारा हा पंप. तो विकणारा माणूस आधी शिश्नाच्या बुडाशी लावायच्या रिंगा दाखवतो. कोणत्या मापाची रिंग घ्यायची आणि ती किती वेळ टिकते, याच गोष्टी तो सांगतो. प्रोस्टेट काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र रिंग बाजूला ठेवून फक्त नळी आणि पंप वापरायचा असतो. हे न कळल्यामुळे कित्येक जण पहिल्याच आठवड्यात रिंग लावतात, दुखतं म्हणून घाबरतात आणि सगळा संच कपाटात टाकून देतात.

रिंग का नको, ते आधी सांगतो. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना चिकटून जातात. सर्जनने त्या वाचवल्या तरी ऑपरेशनमध्ये त्या ताणल्या जातात आणि महिनोन्‌महिने गप्प राहतात. मग रोज रात्री झोपेत आपोआप येणारा ताठपणा थांबतो. त्याबरोबर शिश्नाच्या आतल्या स्पंजासारख्या भागाला मिळणारं ताजं, ऑक्सिजनचं रक्तही थांबतं. असं बरेच दिवस चाललं की तिथला लवचीक भाग कडक होऊ लागतो, लांबी कमी होते, आणि पुढे नसा जाग्या झाल्या तरी रक्त आत टिकत नाही. पंप ओढून ते रक्त आत आणतो. रिंग लावली तर तेच रक्त कोंडून राहतं, नवं येत नाही आणि ऑक्सिजन घटत जातो. व्यायामासाठी रक्ताची ये-जा हवी, म्हणून रिंग नको.

लघवीची नळी निघाल्यावर आणि सर्जनने परवानगी दिल्यावरच सुरुवात करायची. बहुतेकांना ही परवानगी चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान मिळते. बुडाशी असलेले केस कात्रीने बारीक करून घ्या, नाहीतर नळीची कड नीट बसत नाही आणि हवा गळते. नळीच्या तोंडाला आणि शिश्नाला पाण्यात विरघळणारी जेली लावायची. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन नको. त्याने रबर खराब होतं आणि नळी धुताना चिकटपणा जात नाही. लघवीची नळी घालताना वापरलेली बधिर करणारी जेली घरात उरलेली असते, तीही लावायची नाही, कारण जास्त ओढ लागली तर कळणारच नाही.

उभं राहून किंवा बसून नळी अंगाशी घट्ट टेकवा. पंप दोन-तीनदा दाबा, थोडं थांबा, मग पुन्हा दाबा. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. शिश्न भरलं की एक-दोन मिनिटं तसंच ठेवा, झडप दाबून हवा सोडा, जरा थांबून पुन्हा करा. सगळं मिळून दहा मिनिटं, रोज. घाईघाईने एकदम जोर लावला की कातडीवर लाल ठिपके उठतात किंवा निळा डाग पडतो. असं झालं तर डाग जाईपर्यंत बंद ठेवा आणि पुढच्या वेळी ओढ कमी ठेवा. अंडकोशाची कातडी नळीत ओढली जाते, ही नेहमी येणारी अडचण. त्यावर उपाय म्हणजे एका हाताने ती खाली धरणं, किंवा संचासोबत येणारी लहान तोंडाची चकती बसवणं. ओढीला मर्यादा घालणारी झडप नसलेला स्वस्त पंप घेऊच नका.

हाताचा पंप आणि बॅटरीचा पंप, दोन्ही काम तेवढंच करतात. बॅटरीचा सोपा असतो, पण मोटारीचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. दोन खोल्यांच्या घरात सून-मुलगा, नातवंडं असतील तर हाताचाच बरा. आपल्याकडच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने नळी धुतली की आत पांढरा थर बसतो आणि झडप अडकते, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. उन्हाळ्यात संच पत्र्याखालच्या कपाटात ठेवला तर रबर लवकर चिरतं.

नेहमी दिसणारं एक चित्र सांगतो. समजा, लातूरकडचे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत, साखर थोडी वाढलेली, नसा एकाच बाजूच्या वाचलेल्या. सहाव्या आठवड्यात पंप सुरू केला तेव्हा शिश्न अर्धंच भरतं. पंप बिघडलाय असं त्यांना वाटतं, पण हवा गळत नसेल तर पंप ठीक आहे, फक्त आणखी सावकाश ओढायला हवं. काही आठवड्यांनी पूर्ण भरू लागतं. चौथ्या महिन्यात संबंधासाठी रिंग लावून पाहिली, तर ताठरता मिळते, पण शिश्न जरा गार, निळसर आणि बुडाशी डगमगतं. रिंगेच्या मागच्या भागात रक्त कोंडत नाही म्हणून हे होतं, त्यात बिघाड काही नाही. रिंग अर्ध्या तासात काढायलाच हवी आणि ती लावून झोपायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप आणि रिंग वापरू नये. कळसाला वीर्य येत नाही, कारण ते बनवणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. त्या वेळी थोडी लघवी गळू शकते, म्हणून आधी लघवी करून घ्यावी. अशा माणसाने आपोआप येणाऱ्या ताठरतेची वाट दीड-दोन वर्षं पाहावी लागेल असं धरूनच चालावं.

पंपाचं काम चाललंय की नाही, हे ताठरतेवरून ठरवू नका. महिन्यातून एकदा शिश्न हलकेच ताणून वरच्या बाजूने, पट्टी हाडाला टेकवून लांबी मोजा. ऑपरेशनआधीचं माप असेल तर उत्तम. लांबी टिकतेय म्हणजे पंपाचा उपयोग होतोय. नसा लवकर जाग्या होतात असं मात्र अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. टॅडालाफिल या ताठरतेच्या गोळीचंही, रोज ५ मिलिग्रॅम घेतली तरी, तसंच: गोळी चालू असताना मदत होते, बंद केल्यावर आपोआपची ताठरता वाढलेली दिसत नाही. सिल्डेनाफिल ही तशीच दुसरी गोळी रिकाम्या पोटी, संबंधाच्या तासभर आधी घ्यायची असते. मटणाच्या जेवणानंतर घेतली तर उशिरा आणि कमी लागू पडते. नसा पूर्ण गप्प असतील तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी या दोन्ही गोळ्या घ्यायच्या नाहीत. जिभेखालची गोळी आणि यांपैकी कुठलीही एक एकत्र झाली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो.

किरणोपचार घेतलेल्यांचं वेगळं असतं. सुरुवातीला ताठरता शाबूत असते, मग रक्तवाहिन्या आणि नसा हळूहळू खराब होत दोन-तीन वर्षांत ती उतरत जाते. त्यामुळे ‘मला काही झालं नाही’ म्हणून पंपाचा विषयच निघत नाही. त्यासोबत पुरुषी हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर इच्छाच कमी होते, तिथे पंप शिश्न भरतो, पण इच्छा आणत नाही. हे बायकोला आधी सांगितलेलं बरं, नाहीतर ती दुरावा समजते.

पंप आणि गोळी दोन्ही पुरेनासे झाले तर युरॉलॉजिस्टकडे शिश्नात घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारावं. पहिला डोस दवाखान्यातच घेऊन मात्रा ठरवतात. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांपेक्षा जास्त राहिली तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं आणि कोणतं औषध किती घेतलं ते चिठ्ठीवर लिहून सोबत न्यायचं.