चिमणीचा पाइप आणि सिलिंडरचं कपाट : पॅनल ठोकण्याआधी बघा

एका घरात चिमणी बसवून दोन महिने झाले नाहीत तोच स्वयंपाकघरात धूर कोंडायला लागला. बसवणाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं, "फिल्टर धुवा." फिल्टर चकचकीत होता. शेवटी वरच्या कपाटाचं पॅनल काढलं तेव्हा खरा प्रकार दिसला.

चिमणीचं तोंड 6 इंची, पण भिंतीला पाडलेलं भोक 4 इंची. मध्ये रिड्यूसर लावून 4 इंची लवचिक पाइप दोन काटकोनांत वळवलेला. बिलात मात्र 6 इंची डक्ट, 3 मीटर. भिंत तर हातभर अंतरावर होती! उरलेला पाइप न ताणता कपाटामागे तसाच कोंबला होता आणि त्याच्या चुण्यांमध्ये तेल साचलं होतं.

4 आणि 6 मध्ये फार फरक नाही असं वाटतं. पण 6 इंची तोंडाचं क्षेत्रफळ 28 चौरस इंच भरतं, 4 इंचीचं साडेबारा. म्हणजे वाट निम्म्याहूनही अरुंद. त्यात वळणं आणि चुण्या. मोटर घरघरते, ओढ मात्र नाही. दोष चिमणीचा की पाइपाचा हे ठरवायला सोपी तपासणी आहे: पाइप तोंडापासून सोडवायचा आणि मिनिटभर चिमणी चालवायची. ओढ एकदम वाढली, तर दोष पाइपाचा. इथे तसंच झालं.

दुसरी फसवणूक ओट्याखाली होती, आणि ती जास्त घातक. सिलिंडरच्या कपाटाला खाली शोभेची जाळी होती, पण ती नुसती चिकटवलेली. मागे प्लाय अखंड! आत टॉर्च लावून दार बंद केलं तर उजेडाचा कवडसाही बाहेर येईना. वर आश्वासन असं की "गळती झाली तरी चिमणी ओढून घेईल."

हे साफ खोटं आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. चिमणी ओढते शेगडीच्या वरची हवा. शिवाय गळती असताना चिमणीचं बटण दाबलं तर ठिणगी पडू शकते. अशा वेळी कुठलंच बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात. कपाटाला तळाशी आरपार भोकं हवीत आणि खोलीतही जमिनीलगत हवेला बाहेर जायला वाट हवी. पाइपलाइनचा नैसर्गिक गॅस याच्या उलट, हलका असतो. त्याला वाट छताजवळ लागते. सिलिंडर काढून पाइपलाइन घेतली की जुनी खालची जाळी पुरेल, असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका.

पॅनल ठोकण्याआधी भिंतीतल्या भोकाला मोजायची टेप लावून फोटो काढा, पाइप ताणून मोजा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.