चारशे पानांचं टेंडर तुकड्यांत वाचताना: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या बिड टीममध्ये एआयकडून टेंडरचे सारांश काढून घ्यायला लागून आता सात महिने होतील. या काळात अकरा मोठी टेंडरं त्यातून गेली. सगळ्यात लहान २६० पानांचं होतं. साधन कोणतं वापरतो यापेक्षा टेंडर त्याच्यासमोर कसं ठेवतो यावर सारांशाचा भरवसा ठरतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे, म्हणून इथे तेवढ्याचबद्दल लिहितो.

पहिले दोन महिने आम्ही पीडीएफचे वीस-वीस पानांचे तुकडे करत होतो. प्रत्येक तुकड्याचा सारांश, मग सारांशांचा सारांश. वाचायला सुरेख. चूक सापडली ती ४१२ पानांच्या एका बांधकाम टेंडरमध्ये. त्याच्या सर्वसाधारण अटी फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या लाल पुस्तकातल्या, म्हणजे बांधकाम कंत्राटाच्या तयार नमुन्यातल्या होत्या. त्यात कलम ८.४ हे मुदतवाढीचं. सारांशात लिहून आलं होतं की अपवादात्मक प्रतिकूल हवामान, मालकाकडून झालेला विलंब वगैरे कारणांसाठी कंत्राटदाराला मुदतवाढ मिळते. एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या कंत्राट विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी वाचून एवढंच विचारलं, "अहो, मुदतवाढ मिळते हे खरं, पण कळवायचं किती दिवसांत?"

मूळ कलमात "कलम २०.१ च्या अधीन राहून" असे शब्द आहेत आणि सारांशात नेमके तेच गळले होते. २०.१ म्हणतं की कारण कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस द्यायची. नाही दिली तर मुदतवाढही नाही आणि जादा पैसेही नाहीत. या टेंडरच्या विशेष अटींनी ते २८ दिवस १४ वर आणले होते. प्री-बिड बैठकीत बोलीदारांनी हरकत घेतल्यावर दुसऱ्या शुद्धिपत्रकाने १४ चे २१ केले. म्हणजे खरं उत्तर चार ठिकाणी विखुरलेलं होतं आणि आमच्या वीस पानी कापणीत ती चारही ठिकाणं वेगवेगळ्या तुकड्यांत गेली होती. ८.४ चा तुकडा वाचणाऱ्याला २०.१ दिसतच नव्हतं, आणि जे दिसत नाही त्याचा उल्लेख त्याने बिनमहत्त्वाचा समजून सोडून दिला.

तेव्हापासून आम्ही पानांवर कापणं बंद केलं. आता कापतो ते कलमांवर, आणि प्रत्येक तुकड्याला आधी नाव देतो. नुसतं "५.२" पुरत नाही. बोलीदारांसाठीच्या सूचनांमध्ये ५.२ असतं, सर्वसाधारण अटींत असतं, तांत्रिक तपशिलातही असतं. म्हणून `ITB-5.2`, `GCC-5.2`, `SPEC-5.2` अशी खंडासकट नावं. शेजारी छापील पान आणि फाइलमधलं पान दोन्ही लिहितो, कारण प्रत्येक खंडाचे छापील आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात आणि नंतर शोधताना माणूस वैतागतो.

मग संदर्भांची यादी. त्यासाठी सुरुवातीला ही एक ओळ होती:

```python
re.findall(r"Clauses?\s+(\d+(?:\.\d+)*)", text)
```

ही "Clause 20.1" बरोबर पकडते. पण "Clauses 14.2 and 14.3" मधलं फक्त पहिलं पकडते, आणि "8.4 to 8.6" मधलं ८.५ तर मजकुरात लिहिलेलंच नसतं. महिनाभर हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. आता "and", "to" आणि स्वल्पविरामानंतरचे आकडेही तपासतो आणि "पासून-पर्यंत" असेल तर मधली कलमं भरून घेतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो विशेष अटी आणि शुद्धिपत्रकं यांचा वेगळा सारांश काढणं थांबवल्याने. एकट्याने वाचलं तर शुद्धिपत्रक म्हणजे "१४ ऐवजी २१ वाचावे" एवढंच. त्यातून कुणाला काय कळणार? आता ज्या कलमाला ते बदलतं त्याच्याच तुकड्यात ते खाली जोडतो, मूळ मजकूर न पुसता. कोणता कागद कोणावर वरचढ हे कलम १.५ मध्ये दिलेलं असतं. त्या क्रमाप्रमाणे विशेष अटी सर्वसाधारण अटींच्या वर. शुद्धिपत्रकं तारखेच्या क्रमाने लावतो. `GCC-20.1` चा तुकडा आता असा दिसतो: मूळ २८ दिवस, त्याखाली विशेष अटींतले १४, त्याखाली शुद्धिपत्रक २ मधले २१. सारांशात "२१ दिवस (मूळ २८, मग १४)" असं आलं की मी निश्चिंत असतो.

तुकडा सारांशासाठी देताना तो ज्या कलमांकडे बोट दाखवतो त्यांचा पूर्ण मजकूर सोबत देतो, पण एकच पायरी. ८.४ बरोबर २०.१ जातं, २०.१ ज्यांचा उल्लेख करतं ती कलमं जात नाहीत, त्यांची फक्त नावं राहतात. दोन पायऱ्या देऊन पाहिल्या तेव्हा एका कलमासोबत चाळीस पानं जमली आणि सारांश मूळ कलम सोडून सोबतच्या मजकुराबद्दलच बोलू लागला.

शेवटी एक पडताळणी, जी कधीच टाळत नाही. तुकड्यातल्या संदर्भांची यादी आणि सारांशातल्या संदर्भांची यादी समोरासमोर ठेवायची. सारांशात असलेलं नाव तुकड्यात नसेल तर ते मनाने घातलेलं आहे. तुकड्यातलं नाव सारांशात नसेल तर का वगळलं ते एका ओळीत हवं. ८.४ ची ती चूक या तपासणीत दोन मिनिटांत सापडली असती.

तरीही काही गोष्टी या पद्धतीच्या हाताला लागत नाहीत. आकडा नसलेले संदर्भ ही मोठी अडचण. "कामपूर्तीची मुदत" ही साधी वाटणारी शब्दयोजना म्हणजे खरं तर व्याख्या १.१.३.३ कडचा संदर्भच, पण तिथे कलमाचा आकडा नसतो. म्हणून व्याख्यांची यादी वेगळी काढून, तुकड्यात जी व्याख्या वापरली आहे तेवढीच जोडतो. "कंत्राटात अन्यत्र वेगळे नमूद नसल्यास" यावर मात्र उपाय सापडलेला नाही. तिथे लाल खूण करून माणूसच वाचतो. दरपत्रकाचे तक्ते पान ओलांडतात तेव्हा मथळ्याची ओळ मागे राहते आणि प्रमाण कोणतं, दर कोणता, हे कळेनासं होतं. प्रत्येक पानावर मथळा पुन्हा चिकटवल्याने ते बरंच सुधारलं. स्कॅन केलेल्या पानांत ८.४ चं ८४ होतं, त्यामुळे यादीत अस्तित्वात नसलेलं कलम दिसलं की आधी स्कॅन तपासतो.

वेळेचा हिशेब सांगायचा तर नावं देणं आणि यादी जुळवणं यात पहिला अर्धा दिवस जातो. साठ-सत्तर पानांचं टेंडर असेल तर मी हे काहीच करत नाही, सरळ बसून वाचतो. मोठ्या टेंडरमध्येही दंड, बँक हमी आणि नोटिशीच्या मुदती यांची मूळ पानं सही करण्याआधी आम्ही दोघं जण वेगवेगळी वाचतो, सारांश बाजूला ठेवून.