केओटी बुक, कॅप्टनचा मोबाइल की टेबलावरचा क्यूआर? सोलापुरातल्या मध्यम हॉटेलासाठी तुलना

जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडला पंधरा-वीस टेबलांचं फॅमिली हॉटेल काढायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच. ऑर्डर कार्बनच्या केओटी बुकावर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या चिठ्ठ्यांच्या वहीवर घ्यायची, कॅप्टनच्या, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरच्या मोबाइलमध्ये टाकायची, की टेबलावर क्यूआर चिकटवून गिऱ्हाइकालाच करू द्यायची? सॉफ्टवेअर विकायला येणारी मंडळी वेगावर बोलतात. मला वेगाचं फार कौतुक नाही. मुरलेला वेटर सहा जणांची ऑर्डर कागदावर उतरवतो, तेवढ्यात नवा पोरगा मोबाइलमध्ये थाळीचं नावसुद्धा शोधत असतो. खरा फरक पडतो तो दोन वेळी: गिऱ्हाईक पदार्थात बदल सांगतं तेव्हा, आणि जेवण झाल्यावर "आमचं वेगवेगळं करा" म्हणतं तेव्हा. म्हणून एकच टेबल घेऊ आणि तिन्ही पद्धती त्याच्यावर लावून बघू.

नऊ नंबरच्या टेबलावर एका ऑफिसातले सहा जण बसलेत. चार मटण थाळ्या, दोन व्हेज थाळ्या, मध्ये एक चिकन सुक्का आणि तीन मसाला पापड. सुक्का तिखट कमी हवा. व्हेजवाल्यांपैकी एकाला कांदा-लसूण चालत नाही. दुसऱ्याला कडक भाकरी नको, तव्यावरची मऊ हवी. दहा मिनिटांनी चौथा मटणवाला म्हणतो, "माझं मटण राहू द्या, चिकन थाळी करा की ओ."

केओटी बुकात हे सगळं मावतं. वेटर पानावर टेबल नंबर टाकतो, पदार्थाखाली "ति. कमी", "कां-ल नाही" असं खरडतो, एक प्रत आचाऱ्याकडे, एक गल्ल्यावर, एक बुकातच. कागदाचा मोठा गुण म्हणजे त्यावर काहीही लिहिता येतं. त्याचा दोषही तोच. वेटर "कां-ल नाही" लिहून मोकळा होतो, पण थाळीतली रस्सा भाजी सकाळीच कांद्याच्या वाटणात झालेली असते, ती आता कोण बदलणार? मग एक तर आचारी आतून ओरडतो, नाही तर गुपचूप तीच भाजी जाते. दुसरा घोळ ऑर्डर लिहिण्यात नाही, नंतरचा बदल कळवण्यात होतो. मटणाचं चिकन झालं तेव्हा वेटरने नवी चिठ्ठी फाडायला हवी, त्यावर "१ मटण रद्द, १ चिकन" लिहून तिन्ही प्रती फिरवायला हव्यात. गर्दीत तो तसं करत नाही. आत डोकावून सांगतो, आचारी ऐकतो आणि गल्ल्यावरच्या प्रतीत मटण तसंच राहतं. बिलात मटण लागतं, गिऱ्हाईक तिथेच हुज्जत घालतं. उलटंही होतं: जास्तीचा सुक्का तोंडी सांगून आला आणि बिलात लागलाच नाही. ही गळती रात्री केओटीचे नंबर बिलांशी जुळवूनही सापडत नाही, कारण त्या पदार्थाची चिठ्ठी मुळात फाटलेलीच नसते.

मोबाइलवर घेतलेल्या ऑर्डरीत हा रस्ता बंद होतो. चिठ्ठी निघाल्याशिवाय आचाऱ्याने काही द्यायचंच नाही, एवढा एक नियम पाळला की जे आत गेलं ते बिलात आलं. रद्द केलं तर आतल्या प्रिंटरवर "रद्द" अशी वेगळी चिठ्ठी निघते, आणि चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मालकाचा किंवा मॅनेजरचा पिन लागतो. हा पिन वेटरला कळू देऊ नका. जेवण झाल्यावर एक थाळी रद्द दाखवायची आणि तेवढी रोकड खिशात घालायची ही जुनी चलाखी आहे. ती पकडायची असेल तर रद्द झालेल्या पदार्थांच्या अहवालात वेळ बघा. ऑर्डरीनंतर पाच मिनिटांत रद्द झालं तर ते गिऱ्हाइकाचं मन, पन्नास मिनिटांनी झालं तर चौकशी करा.

बदलांच्या बाबतीत मात्र ॲप आपोआप शहाणं होत नाही. ते तुम्ही मेनू कसा भरता यावर आहे. प्रत्येक पदार्थाला कोणते बदल चालतात ते आचाऱ्याला शेजारी बसवून भरा. सुक्का कढईत परतताना होतो, म्हणून त्याला "तिखट कमी" चालेल. थाळीच्या रस्स्याला तो पर्याय ठेवूच नका. बिनकांदा-लसणाचा पर्याय व्हेज थाळीला द्यायचा असेल तर त्यात रस्सा भाजीच्या जागी साधं वरण आणि सुकी भाजी येईल हे तिथेच ठरलेलं असू द्या, म्हणजे कॅप्टन गिऱ्हाइकाला टेबलावरच सांगेल. आणि फुकटचा बदल व पैशाचा बदल वेगळे ठेवा. "मऊ भाकरी" ही नुसती सूचना झाली. "जादा लोणी" याला दर लागला पाहिजे. दोन्ही एकाच मोकळ्या रकान्यात टाइप होऊ लागले की लोणी फुकट जायला लागतं.

आता आतला प्रिंटर. सगळी पद्धत इथे अडते आणि कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. गल्ल्यावर असतो तो थर्मल प्रिंटर; तो उष्णतेने छापतो, शाई लागत नाही. तोच तंदूरजवळ ठेवला तर कागदच तापून काळवंडतो आणि तेलाचे हात लागले की अक्षरं उडतात. आपल्याकडच्या मे महिन्यात स्वयंपाकघर आधीच पेटलेलं असतं. तिथे रिबनवाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बरा, एप्सनच्या टीएम-यू२२० जातीचा. साधा कागद लागतो, आणि दुरंगी रिबन टाकली तर पदार्थ काळ्यात व बदल लाल अक्षरात छापता येतात. तो करकर आवाज करतो, आणि नवी चिठ्ठी आली हे आचाऱ्याला न बघता कळतं. चिठ्ठी मराठीत हवी असेल तर विकणाऱ्याला आधीच करून दाखवायला लावा. बऱ्याच प्रिंटरांत देवनागरी अक्षरं नसतात, मजकूर चित्र करून पाठवावा लागतो, तो हळू आणि बारीक निघतो. सोलापूरच्या स्वयंपाकघरात एक कन्नड बोलणारा, एक तेलुगू, एक हिंदीवाला असतोच, त्यामुळे काही ठिकाणी पदार्थांना सरळ आकडे देतात. ते वाईट नाही, पण "तिखट कमी" आकड्यात लपवू नका.

बिघाड कसा ओळखायचा? वायफाय गेलं किंवा रोल संपला की मोबाइलवर ऑर्डर गेलेली दिसते आणि आत काहीच निघत नाही. जोडणी परत आली की तीच चिठ्ठी दोनदा येते आणि दोन सुक्के होतात. आचाऱ्याला चिठ्ठ्या खिळ्याला नंबराने लावायची सवय लावा. ४१ नंतर ४३ आली तर त्याने ४२ मागायची, आणि ४२ दोनदा आली तर एक फाडायची. आतल्या प्रिंटरला वायफायऐवजी वायर टाका, राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. इंटरनेट नसताना ॲप चालतं का, हे विकत घेण्याआधीच तपासा.

आता बिल. मटण थाळी ३६०, चिकन थाळी २८०, व्हेज थाळी २२०, मसाला पापड ६०, सुक्का २६० असे दर धरू. बदलानंतर तीन मटण १०८०, एक चिकन २८०, दोन व्हेज ४४०, पापड १८०, सुक्का २६०, बेरीज २२४०. पाच टक्के जीएसटी ११२, एकूण २३५२. समान वाटलं तर प्रत्येकी ३९२. पदार्थानुसार वाटायचं तर पापड सहा जणांत, सुक्का चौघांत. मग व्हेजवाला २२० अधिक ३०, करासह २६२.५०. मटणवाला ३६० अधिक ३० अधिक ६५, करासह ४७७.७५. चिकनवाला ३९३.७५. म्हणजे समान वाटणीत प्रत्येक व्हेजवाला १२९.५० रुपये जास्त भरतो. "वेगवेगळं करा" हे बहुतेक वेळा त्याच बाजूने का येतं, ते इथे दिसतं.

समान वाटणीसाठी काहीच लागत नाही. बिल एकच ठेवा आणि सहा यूपीआय घ्या. सहा बिलं छापू नका. स्वतंत्र बिलं केली तर प्रत्येकाचा राउंड ऑफ वेगळा होतो. वरच्या उदाहरणात २६३, ४७८ आणि ३९४ धरले तर गल्ल्यात २३५४ येतात. दोन रुपये जास्त, पण रात्री हिशेब जुळवणारा डोकं खाजवत बसतो. वेगळं बिल तेव्हाच करा जेव्हा कुणाला ऑफिसात दाखवायला स्वतःचं हवं असतं. आणि ते अंतिम बिल छापण्याआधी विचारा. जीएसटीच्या बिलाला सलग नंबर असतो. छापून झालेलं फोडायचं म्हणजे ते रद्द करून नवे नंबर द्यायचे, आणि रद्द झालेल्या नंबराचा हिशेब जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवायचा. परमिट रूम असेल तर मद्याचं बिल मुळातच वेगळं, त्यावर जीएसटी नाही, व्हॅट. न पिणाऱ्यांची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

पदार्थानुसार वाटणी ऑर्डर घेतानाच ठरते. कोण कुठे बसलंय हे तेव्हा नोंदवलं नसेल तर महागडं ॲपही शेवटी वेटरलाच विचारतं. दाराकडची खुर्ची एक, तिथून घड्याळाच्या दिशेने दोन, तीन, असे आकडे ठरवा आणि पदार्थासमोर खुर्चीचा आकडा टाका. सगळ्यांचं असेल ते "म", म्हणजे मधलं. हे कार्बनच्या बुकातही जमतं, एक पैसा लागत नाही. ॲपमध्ये हा रकाना असतो, पण तो सक्तीचा नसतो म्हणून कुणी भरत नाही. नऊ नंबरच्या टेबलावर खुर्च्या टाकलेल्या असत्या तर सहाजणांची वाटणी गल्ल्यावर मिनिटभराचं काम होतं.

क्यूआरचं थोडक्यात. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून मागवलं की वाटणी आपोआप झालेली असते, हा एकच त्याचा मोठा फायदा. सुक्का आणि पापड तरी कुणाच्या नावावर हे भांडण उरतंच. पण इथे जेवायला आजोबांपासून नातवंडांपर्यंत घर येतं, तुळजापूर-अक्कलकोट करून येणारे येतात. त्यांना मोबाइलमध्ये डोकं घालायचं नसतं, आज मटण कसं झालंय हे माणसाला विचारायचं असतं. कॉफी शॉप किंवा कॉलेजजवळच्या ठिकाणी चालेल. थाळीच्या हॉटेलात मी पैसे घालणार नाही.

मग घ्यायचं काय? टेबलं वीसपर्यंत, थाळी हाच धंदा आणि मालक स्वतः गल्ल्यावर असेल तर केओटी बुक ठेवा, खुर्चीचा आकडा सुरू करा आणि बिलापुरतं मशीन घ्या. टेबलं वीसच्या पुढे, परमिट रूम, किंवा मालक दुसऱ्या धंद्यात अडकलेला असेल तर कॅप्टनचा मोबाइल आणि आत रिबनचा प्रिंटर. मोबाइल घेतला तरी एक केओटी बुक गल्ल्याखाली असू द्या. गड्ड्याच्या यात्रेत गर्दी उसळते आणि नेमकं तेव्हाच नेट जातं.

डेमोला येणाऱ्याला वरची नऊ नंबरची ऑर्डर जशीच्या तशी करायला सांगा: बदल, रद्द, खुर्चीनुसार वाटणी, सगळं. आणि चिठ्ठी पाठवायच्या क्षणी प्रिंटरची वायर काढा. मोबाइलवर तरीही "ऑर्डर गेली" असं दिसलं, तर चहा पाजून त्याला परत पाठवा.