ट्रेतले दाणे खरे होते, पोत्याचं वजन खोटं

बारा पोती हरभरा फोनवरून ठरवला आणि वजनात फसलो. विकणाऱ्याने मला एकही खोटा आकडा दिला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कुणी तुम्हाला दाण्यांच्या ट्रेचा फोटो पाठवून पोत्याचं वजन 'काढून' देत असेल, तर आधी हे वाचा.

त्याचा मोठा काटा म्हणे बिघडला होता. मग त्याने हिशेब पाठवला. 330 मिलिलीटरचा एक डबा सपाट भरून हरभरा ट्रेमध्ये एका थरात पसरला, वरून फोटो काढला आणि दाणे मोजणाऱ्या अ‍ॅपला दिला. दाणे भरले 1,250. दुसऱ्या फोटोत स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर 100 दाणे, वजन 22 ग्रॅम. म्हणजे डब्यात 275 ग्रॅम. पोत्यात असे 182 डबे मावतात, म्हणून पोतं 50 किलोचं. गुणाकार मी स्वतः करून पाहिला, बरोबर आला. पोत्याला 50 किलो धरून पैसे पाठवले.

चौथ्या दिवशी माल आला. बारदान वजा जाता पहिलं पोतं 46.4 किलो. दुसरं तसंच, तिसरंही. बारा पोत्यांत मिळून 43 किलो कमी, म्हणजे जवळजवळ एक पोतंच गायब.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "अहो, वाटेत वाळला असेल." क्षणभर मलाही पटलं. मग हिशेब मांडला. 50 किलोत 12 टक्के ओलावा धरला तर कोरडा ऐवज 44 किलो. तो काही उडून जात नाही. वजन 46.4 वर यायचं तर पाणी उरतं 2.4 किलो, म्हणजे ओलावा जेमतेम 5 टक्के. शिवलेल्या पोत्यातला हरभरा चार दिवसांत इतका वाळायला ते पोतं भट्टीतून आणावं लागेल.

मग संशय गेला अ‍ॅपवर. एकमेकांना चिकटलेले दाणे अशी अ‍ॅप कधी एकच धरतात, तर कधी दाण्याची सावलीही दाणा म्हणून मोजतात. फोटो मोठा छापून घेतला, पट्टीने चौकोन आखले आणि पेनाने एकेक दाण्यावर टिंब देत गेलो. दीड तास गेला, डोळे दुखले. दाणे 1,247. मोजणी चोख होती!

शेवटी एका पोत्याच्या मधून हरभरा काढून तेवढ्याच मापाचा डबा भरला. वजन 256 ग्रॅम. त्यातले न निवडता, हाताला येतील तसे 100 दाणे मोजले, तर 20.4 ग्रॅम. त्यानंतर मुद्दाम टपोरे, भरलेले 100 दाणे वेचले आणि काट्यावर ठेवले. 22 ग्रॅम, अगदी त्याच्या फोटोतल्यासारखे.

हातचलाखी इथे होती. दाण्यांची संख्या घेतली सरसकट मालाची, ज्यात बारीक आणि सुरकुतलेले दाणे होते. बारीक दाणे डब्यात जास्त मावतात, म्हणून आकडा 1,250 पर्यंत गेला. वजन मात्र निवडलेल्या दाण्यांचं लावलं. नुसते टपोरे दाणे भरले असते, तर डब्यात ते कमीच मावले असते. दाणा लहान असो वा मोठा, डब्याचं वजन फारसं हलत नाही, कारण एकीकडे वाढलेलं दुसरीकडे कमी होतं. त्याने दोन्हीकडची वाढलेली बाजू उचलली. 1,250 ला 20.4 ने धरलं की डबा 255 ग्रॅमचा आणि पोतं 46.4 किलोचं, जे माझ्या काट्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

हे मला घरबसल्या कळायला हवं होतं. 330 मिलिलीटरला 275 ग्रॅम म्हणजे लिटरला 833. हरभरा लिटरला साधारण 750 ते 800 ग्रॅम भरतो. डबा ठोकून भरला तर थोडा वाढतो, पण हा म्हणे सपाट भरलेला. शिवाय त्याचा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत होता. तिथे 22 म्हणजे साडेएकवीसही असू शकतात, साडेबावीसही. 100 दाण्यांमागे हा अर्धा ग्रॅम पोत्यापर्यंत पोचता पोचता किलोच्या वर जातो. दाणे 1,000 घेतले असते तर ही चूक दहापटीने आक्रसली असती.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. ज्या काट्यावर 22 ग्रॅम तोलले, त्याच काट्यावर 275 ग्रॅमचा डबा ठेवता आला असता. दाणे मोजायची गरजच नव्हती. मी हे त्याला विचारलं, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग, "काट्याची बॅटरी उतरलीय हो." त्यानंतर फोन उचलणं बंद.