शंभरचा बोअर की सव्वाशेचा: इंजिनवर चालणाऱ्या लॉग स्प्लिटरचा काही महिन्यांचा अनुभव

इंदूरला आमची लाकडाची वखार आहे. हलवायांच्या भट्ट्यांना आणि लग्नाच्या स्वयंपाकांना बाभूळ व निलगिरीचे फोडलेले लाकूड आम्ही पुरवतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतून हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे तेलाच्या दाबाने पाचर रेटून ओंडके फोडणारे यंत्र, बनवून घेतले. त्याला साडेसहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, त्यावर थेट जोडलेला दोन टप्प्यांचा गिअर पंप आणि १०० मिमी बोअर म्हणजे आतला व्यास, ५० मिमी रॉड व ६०० मिमी स्ट्रोकचा सिलिंडर आहे. देवासला माझ्या मावसभावांची वखार आहे. त्यांनी तेच इंजिन आणि तोच पंप घेतला, सिलिंडर मात्र १२५ मिमीचा बसवला. त्यामुळे एकाच पंपावर दोन बोअर कसे वागतात, हे घड्याळ लावून पाहता आले. या परीक्षणात मुख्यतः तेच सांगायचे आहे, कारण विकणारा फक्त टनांचा आकडा सांगतो आणि काम करणाऱ्याचा वेळ मात्र दुसरीकडेच जातो.

टनांचा हिशोब सोपा आहे. १०० मिमी बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते आणि १२५ मिमीचे जवळपास १२३. आमच्या व्हॉल्व्हचा रिलीफ, म्हणजे दाबाची कमाल मर्यादा, १७५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरवर लावलेला आहे, म्हणजे लहान सिलिंडर पावणेचौदा टनांपर्यंत आणि मोठा साडेएकवीस टनांपर्यंत रेटू शकतो. एवढेच पाहिले तर कोणीही मोठाच सिलिंडर मागेल.

आता पंप. त्याचा मोठा टप्पा ३६०० फेऱ्यांवर मिनिटाला ४२ लिटर तेल देतो, पण दाब साधारण ४५ किलोच्या वर गेला की तो टप्पा टाकीकडे मोकळा होतो आणि केवळ ११ लिटरचा छोटा टप्पा सिलिंडर ढकलत राहतो. ही अदलाबदल यंत्रापाशी उभे राहिले की स्पष्ट कळते. इंजिनचा आवाज क्षणभर दबतो, पाचर एकदम संथ होते आणि ग्लिसरीन भरलेल्या गेजचा काटा वर चढू लागतो. शंभरच्या सिलिंडरची पाचर वेगवान टप्प्यात सेकंदाला जवळपास ९ सेंटिमीटर सरकते आणि संथ टप्प्यात सव्वादोनच्या थोडी वर. सव्वाशेच्या सिलिंडरमध्ये हेच वेग पावणेसहा आणि दीड एवढे उतरतात.

माझ्या मते खरेदी करताना विचारण्यासारखा आकडा हा आहे: टप्पा बदलण्याच्या क्षणी सिलिंडर किती टन रेटतो? ४५ किलो दाबाला शंभरच्या सिलिंडरमध्ये साडेतीन टन मिळतात आणि सव्वाशेमध्ये साडेपाच. ज्या ओंडक्याला त्याहून कमी जोर पुरतो, तो वेगवान टप्प्यातच फुटतो. एका ठरावीक ओंडक्याचा हिशोब मांडतो. ४५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा ठेवला की पाचर सुरुवातीला १५ सेंटिमीटर रिकामी जाते, मग लाकडात शिरते आणि साधारण १२ सेंटिमीटर आत गेल्यावर ओंडका उकलतो. अर्ध्यातूनच पाचर मागे घ्यायची, पूर्ण स्ट्रोक वापरायचा नाही. सरळ धाग्याच्या निलगिरीला अडीच टन लागतात असे धरले, तर शंभरचा सिलिंडर जाऊन-येऊन साडेपाच सेकंदांच्या आत मोकळा होतो आणि सव्वाशेच्याला पावणेनऊ सेकंद लागतात. बाभळीच्या मध्यम ओंडक्याला साडेचार टन धरले, तर शंभरची पाचर ते १२ सेंटिमीटर संथ टप्प्यात, पाच सेकंद घेऊन कापते, उलट सव्वाशेची दोन सेकंदांतच पार जाते. पुढे जाणे आणि परत येणे धरून दोन्हींचा वेळ नऊ सेकंदांच्या आसपास, जवळजवळ सारखाच येतो. गाठीच्या बाभळीला दहा टन लागले, तर दोन्ही सिलिंडर संथ टप्प्यात जातात आणि शंभरचाच पुन्हा पुढे राहतो. मोठा बोअर खरा कामाला येतो तो पावणेचौदा टनांनाही न दबणाऱ्या बुंध्यांवर, आणि असे बुंधे आमच्याकडे फार येत नाहीत. ज्यांच्याकडे बहुतेक माल तसाच येतो त्यांनी सव्वाशेच घ्यावा; ते धीमेपण त्यांना परवडेल.

पंप मोठा का घेऊ नये, हा प्रश्न मावसभावांनी विचारला होता. ६० लिटरच्या पंपाला ४५ किलो दाबापर्यंत वेगवान टप्पा ओढायला पंपाचे नुकसान धरून सुमारे सात अश्वशक्ती लागते, आणि आमचे इंजिन तेवढे देत नाही. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते, म्हणून छापील आकड्यातले सहा टक्के इथे हाताशी नसतातच. आमच्या पंपावर टप्पा बदलण्याचा दाब वाढवण्याचा स्क्रू आहे. तो थोडा घट्ट करून पाहिला, तेव्हा पाचर लाकडात शिरताच इंजिन गुदमरू लागले आणि गव्हर्नरने इंजिनच्या फेऱ्या सावरेपर्यंत मिळवलेला वेळ परत गेला. स्क्रू आता मूळ जागी आहे.

प्रत्यक्ष प्रवाह मोजण्याची रीत साधी आहे आणि प्रत्येकाने ती यंत्र घेतल्याच्या दिवशीच करून घ्यावी. ओंडका न ठेवता पूर्ण स्ट्रोकला किती सेकंद लागतात ते पाहावे. आमच्या सिलिंडरमध्ये पुढे जाताना ४.७ लिटर तेल भरते. ४२ लिटरच्या हिशोबाने ६.७ सेकंद लागायला हवेत, लागत होते साडेसात, म्हणजे मिनिटाला ३८ लिटरही पुरे नाहीत. टॅकोमीटर लावला तेव्हा इंजिन ३२५० फेऱ्यांवर सापडले. गव्हर्नरची तार ताणून ३६०० केल्यावर वेळ बरोबर जुळला. फेऱ्या बरोबर असूनही वेळ वाढलेला आढळला, तर पंपाकडे संशयाने पाहावे. रिकामा वेळ ठीक आणि भाराखालचा वेळ वाढत चालला, तर गळती आत, पंपाच्या छोट्या टप्प्यात, व्हॉल्व्हमध्ये किंवा पिस्टनच्या सीलमध्ये असते.

यंत्राविषयी माझी एकच तक्रार आहे. बनवणाऱ्याने रिटर्नला, म्हणजे तेल टाकीत परत नेणाऱ्या वाटेला, अर्धा इंची होज दिला होता. पाचर मागे येताना पिस्टनमागचे तेल पंपाच्या प्रवाहापेक्षा जास्त बाहेर पडते, कारण त्या बाजूला रॉड नसतो. आमच्याकडे ४२ लिटर आत जाताना ५६ लिटर बाहेर येतात. अर्ध्या इंचातून ते सेकंदाला सात मीटरहून जास्त वेगाने जातात, आणि रिटर्न लाइनला दोन ते तीन मीटरच शोभतात. जानेवारीच्या सकाळी, तेल घट्ट असताना, परतीच्या अर्ध्या वाटेत व्हॉल्व्हची मूठ आपोआप मधल्या जागी येऊन पाचर थांबत असे. ती मूठ स्ट्रोकच्या टोकाला दाब वाढला की सुटावी अशी बनवलेली असते. होजमधला अडथळा तिला टोकासारखाच वाटत होता. एक इंची होज आणि त्याच मापाचा रिटर्न फिल्टर बसवल्यावर ते थांबले, आणि मे महिन्याच्या दुपारी टाकी पूर्वीइतकी तापत नाही. ऑर्डर देताना रिटर्न होजचे माप लिहून घ्यावे. मावसभावांनी पहिल्या दिवसापासून एक इंचीच लावला आणि त्यांची मूठ थंडीतही कधी सुटली नाही.