विरजणाशिवाय दही: मिरचीचे देठ की चांदीचं नाणं?

विरजण संपलेलं आहे, शेजारी कोणाकडे मागावं अशी ओळख नाही, आणि दही तर घरचंच हवं. नव्या शहरात बिऱ्हाड केलेल्यांना आणि परदेशात राहणाऱ्यांना ही अडचण नेहमीची. अशा वेळी हमखास दोन उपाय कानावर येतात. कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून ठेवा, किंवा चांदीचं नाणं सोडून ठेवा. सकाळी दही तयार. दोन्ही उपाय एकाच दमात सांगितले जातात, त्यामुळे ते एकाच तोलाचे वाटतात. पण तसं नाही. देठ खरोखर काम करतात, फक्त त्यातून पहिल्या दिवशी मिळतं ते विरजण, खायचं दही नव्हे. नाणं मात्र काहीच करत नाही.

दोन्हींची पारख करायची तर आधी दही लागतं कसं हे बघावं लागेल. दुधातल्या साखरेवर, म्हणजे लॅक्टोजवर, काही जिवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.७ असतो. आम्ल वाढत जाऊन तो ४.६ च्या आसपास आला की केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन एकमेकांना धरून जाळं विणतं आणि दूध थिजतं. हे आम्ल आतल्या आत, सावकाश तयार व्हावं लागतं, म्हणूनच कवडी जमते. लिंबू पिळलं तर आम्ल एकदम येतं आणि चोथापाणी होतं, दही नव्हे. आणि आपण दूध उकळतो तेव्हा त्यातले आम्ल करणारे जिवाणू मरून जातात. मग कुठल्याही युक्तीला प्रश्न एकच विचारायचा: ही वस्तू दुधात जिवंत जिवाणू घेऊन येते का?

मिरचीचे देठ आणतात. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू झाडाझुडपांवर, भाज्यांवर, फळांवर मुळातच राहतात. काकडी किंवा कोबी नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवली तरी आंबते ती त्यांच्यामुळेच. मिरचीचं अंग गुळगुळीत आणि मेणचट असतं, त्यावर फारसं काही टिकत नाही. पण देठ आणि त्याला लागून असलेली हिरवी टोपी खरबरीत असते, टोपीखाली बारीक खाच असते, तिथे ओल राहते. जिवाणूंची वस्ती तिथे असते. मिरचीतलं तिखट दुधाला थिजवतं, किंवा देठात एखादं खास रसायन असतं, अशी कारणं सांगितली जातात, पण ती पटण्यासारखी नाहीत. देठात तिखट जवळपास नसतंच, आणि वाटीभर दुधाचा पीएच खाली आणेल इतकं आम्ल आठ-दहा देठांत कुठून असणार?

आता नाणं. चांदीचा गुण नेमका उलटा आहे. चांदीचे सूक्ष्म कण पाण्यात उतरले की जिवाणूंना मारक ठरतात. कार्ल नेगेली या शास्त्रज्ञाच्या नावाने १८९३ साली हे प्रसिद्ध झालं, आणि आजही जखमेवरच्या काही मलमपट्ट्यांत चांदी वापरतात ती याच गुणासाठी. दूध नासू नये म्हणून त्यात चांदीचं नाणं टाकून ठेवायची रीतही जुनीच आहे. तेच नाणं दूध टिकवतंही आणि विरजतंही, हे दोन्ही एका वेळी खरं असू शकत नाही. प्रत्यक्षात रात्रभरात ते दोन्हींतलं काहीच धड करत नाही. नाण्यातून चांदी सुटते ती अगदी नाममात्र, आणि दुधातली प्रथिनं व क्षार तिला तिथल्या तिथे बांधून टाकतात. म्हणून नाणं टाकून शिवाय चमचाभर विरजण घातलं तरी दही नीट लागतं, आणि श्रेय नाण्याला जातं.

मग जुन्या माणसांचं दही नाण्याने लागायचं ते खोटं का? खोटं नाही, फक्त कारण वेगळं. पूर्वी दूध धारोष्ण किंवा जेमतेम तापवलेलं असायचं. कच्चं दूध उबेत ठेवलं की स्वतःहून आंबतं, त्याला कशाचीच गरज नसते. शिवाय दह्याचं मडकं रोजचं तेच. मातीच्या छिद्रांत कालचं दही मुरलेलं असायचं, तेच विरजण. आजचं पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध, तेही घरी पुन्हा उकळलेलं, आणि घासून लख्ख केलेलं स्टीलचं भांडं. इथे नाण्याला लपायला जागा उरत नाही.

हे स्वतः बघायचं असेल तर एका रात्रीचं काम आहे. अर्धा लिटर दूध उकळा, झाकून कोमट होऊ द्या, आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या चार सारख्या वाट्यांत वाटून घ्या. पहिलीत काहीच घालू नका. दुसरीत ताजे देठ. तिसरीत पाच मिनिटं पाण्यात उकळलेले देठ. चौथीत असंच उकळून घेतलेलं चांदीचं नाणं. चारही झाकून एकाच उबदार जागी ठेवा. बारा तासांनी ताज्या देठांची वाटी तिरकी केली तर दूध वाहत नाही, कडेपासून एकसंध सुटतं, वर थोडी निवळी दिसते. बाकी तिन्ही वाट्यांत दूध दूधच असतं. उकळलेल्या देठांची वाटी यातली खरी साक्षीदार: देठ तेच, त्यातली रसायनंही बरीचशी तीच, फक्त जिवाणू मेलेले. आणि नाण्याची वाटी काहीच न घातलेल्या वाटीसारखी दिसते.

मात्र त्या तीन वाट्या आणखी दिवसभर तशाच ठेवल्या तर त्याही कधीकधी घट्ट होतात, आणि नाण्याने दही लागल्याचे अनेक अनुभव बहुधा इथूनच येतात. काही जिवाणूंची बीजं उकळीलाही दाद देत नाहीत. दूध थंड झालं की ती जागी होतात आणि त्यांच्या पाचकरसांनी प्रथिनं तुटून दूध थिजतं, पण आंबट होत नाही. दिसायला दही, चवीला कडवट किंवा नुसतं फिकं. हे नासलेलं दूध आहे, ते खायचं नाही. न उकळता, थेट देवघरातून उचललेलं नाणं टाकलं तर नक्षीच्या खाचांत बसलेलं कुंकू, गंध, पॉलिशची पूड आणि हातांचे जंतू असं सगळंच दुधात उतरतं. त्यातून योग्य जिवाणू गेला तर नशीब, नाहीतर दुसरंच काही वाढतं.

नाण्याबद्दल आणखी एक सावधगिरी. चांदीचं म्हणून जपलेलं प्रत्येक नाणं शुद्ध चांदीचं नसतं. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं असायचं. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. आंबट दही तांब्याला लागलं की कळकतं, हे आपल्याकडे पितळी भांड्यांच्या काळापासून माहीत आहे, कल्हई त्यासाठीच होती. म्हणजे नाण्याने फायदा शून्य, आणि दही लागलंच तर ते कळकण्याची शक्यता वर.

आता देठांची रीत. मिरच्या ताज्या, टणक घ्या. देठ हिरवा हवा, काळा पडलेला किंवा बुरशी आलेला नको. टोपीसकट देठ खुडा, मिरची फाटू देऊ नका, नाहीतर तिखट उतरतं. धूळ जाईल इतपत साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगर, सोडा किंवा भाजी धुण्याचं द्रावण वापरलं तर हवे तेच जिवाणू जातात. एक वाटी सायीच्या दुधाला आठ-दहा देठ. दूध उकळून दोन-चार मिनिटं मंद आचेवर ठेवलं की दही घट्ट लागतं. देठ टाकताना दुधात बोट दहा सेकंद सुखाने ठेवता आलं पाहिजे, साधारण ३५ ते ४० अंश. नेहमीच्या विरजणाला चालतं त्याहून थोडं कमीच ठेवा, कारण झाडावरच्या या जिवाणूंपैकी बऱ्याच जणांना जास्त ऊब मानवत नाही. देठ पूर्ण बुडवा, झाकण ठेवा, हलवू नका. उन्हाळ्यात दहा-बारा तास, थंडीत त्याहून जास्त. सुक्या लाल मिरचीचे देठही चालतात, पण त्यांच्यावर जिवाणू कमी टिकलेले असतात, भरवसा कमी.

इथे बहुतेकांची निराशा होते, कारण हे पहिलं दही चांगलं नसतं. सैलसर, पाणी सुटलेलं, हिरवट वासाचं, कधी चमच्याला तार येणारं. मिरचीच्या देठावर आयुष्य काढलेल्या जिवाणूंना दुधातली साखर सवयीची नसते. त्यातले थोडेच ती झपाट्याने पचवतात. हे पहिलं दही म्हणजे भरतीला जमलेली गर्दी, निवड अजून व्हायची असते. देठ काढून टाका, मधल्या भागातलं एक चमचा दही घेऊन नव्या कोमट दुधात विरजा. दुसऱ्या खेपेला ते सहा ते आठ तासांत लागतं, कारण दुधात ज्यांचं जमलं तेच संख्येने जास्त झालेले असतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कवडी जमते, हिरवट वास जातो, आंबटपणा स्वच्छ होतो. खायला घ्यायचं ते इथून पुढचं.

पहिलं दही न खाण्याचं कारण नुसती चव नाही. आम्ल सावकाश वाढतं, तोवर नको ते जंतू वाढायला वेळ मिळतो. म्हणून कसोटी कडक ठेवा. गुलाबी, केशरी किंवा काळसर डाग, केसाळ बुरशी, दह्यात बुडबुडे किंवा भेगा, बुळबुळीत आणि कुजका वास, किंवा घट्ट पण आंबट नाही: यातलं काहीही दिसलं तर विरजणालासुद्धा वापरू नका, फेकून द्या. चोवीस तासांत लागलं नाही तरीही फेका. तान्ह्या मुलांना, गरोदर बाईला आणि आजारी माणसाला तर पहिल्या दोन खेपांचं दही चाखायलाही देऊ नये.

म्हणून निवड करायची तर माझं मत सरळ आहे. दुकानात साधं, बिनसाखरेचं, जिवंत विरजणाचं दही मिळत असेल तर त्यातला एक चमचा आणा. जे काम देठांना तीन-चार दिवस लागतात ते एका रात्रीत होतं, आणि जिवाणू पारखलेले असतात. परदेशात डब्यावर लाइव्ह कल्चर लिहिलेलं आहे का बघा. दही झाल्यावर पुन्हा तापवलेलं योगर्ट विरजणाला चालत नाही. असं दही मिळत नसेल, किंवा दुकानाच्या विरजणाची चव नको असेल आणि हाताशी चार दिवस असतील, तर देठ. आणि नाणं देवघरातच राहू द्या.

चांगलं दही जमलं की त्यातलं दोन-तीन चमचे बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतं. वापरताना वडी आधी बाहेर काढून वितळू द्या, मगच कोमट दुधात घाला. पहिल्या खेपेला दही लागायला दोन-तीन तास जास्त लागतील, पुढच्या खेपेपासून पूर्ववत.