अक्षरतुकडे की पूर्वप्रशिक्षित मॉडेल?

दोन-चार शब्दांच्या निरोपांतून हेतू ओळखायचा आहे आणि वर्ग लावलेले नमुने जेमतेम काही शेच आहेत, अशा स्थितीत अक्षरांच्या तुकड्यांवर चालणारे लॉजिस्टिक रिग्रेशन घ्यावे की छोटे पूर्वप्रशिक्षित ट्रान्सफॉर्मर मॉडेल, असा प्रश्न एका सहकाऱ्याला पडला होता.

खर्चात पहिला पर्याय सरळ सरस आहे. तो साध्या संगणकावर काही सेकंदांत शिकतो. ‘कॅन्सल’ आणि ‘कॅनसल’ यांत बरेच तुकडे समान असल्यामुळे लेखनातल्या चुकाही तो पचवतो. मात्र ‘रद्द’ आणि ‘कॅन्सल’ समानार्थी आहेत हे त्याला नमुन्यांतूनच कळते, तर दुसऱ्याला ते बहुधा आधीच ठाऊक असते.

खरी कसोटी नकाराची. ‘रद्द करू नका’ हा निरोप पहिला पर्याय अनेकदा रद्द करण्याच्या वर्गात टाकतो, कारण नकाराचे नमुने कमी असतील तर ‘रद्द’चे वजन ‘नका’ला झाकून टाकते. दुसराही चुकू शकतो, पण ‘रद्द करा’ आणि ‘रद्द करू नका’ अशा जोड्या दिल्यास तो लवकर सुधारतो. (वगळायच्या शब्दांच्या यादीत ‘नका’ गेलेला नाही ना, हे आधी पाहावे.)

नुसत्या ‘हो’पुढे दोघेही हतबल असतात, त्यासाठी आधीचा प्रश्नही सोबत द्यावा लागतो. संपूर्ण अनोळखी निरोप आला तर पहिला सर्वाधिक नमुन्यांच्या वर्गाकडे झुकतो, आणि दुसरा अनेकदा ठाम आत्मविश्वासाने चुकतो, म्हणून ‘माहीत नाही’साठीचा उंबरठा बाजूला ठेवलेल्या निरोपांवरून ठरवावा.

ठरावीक शब्दांच्या मोजक्या हेतूंसाठी पहिला पुरेसा आहे. शब्दनिवड मोकळी आणि नकार वारंवार येणारा असेल, तर दुसरा घ्यावा.